कोंडाजीचं काटक अंग

डॉक्टरीणबाईंनी मशीन बाजूला ठेवून ललितचं मनगट बोटांत धरलं आणि घड्याळाकडे बघत नाडी मोजायला सुरुवात केली, तेव्हा कोंडाजीने जे तोंड केलं ते कडू कारलं चावल्यासारखं होतं. खाटेशेजारी एवढं मोठं मशीन टीक टीक करत होतं, त्यावर हिरवे आकडे नाचत होते, आणि ही बाई वैद्यबुवासारखी नाडी बघत बसली होती. पंचवटीतलं हे दवाखान्याचं दुकान, चकचकीत फरशी आणि लिफ्टसकट, कोंडाजीला पहिल्या दिवसापासून पटलं नव्हतं.

"ताप एकशे तीन, आणि नाडी चौसष्ट," डॉक्टर हर्षाली स्वतःशीच म्हणाल्या. "एवढ्या तापात नाडी शंभराच्या वर पळायला हवी."

"मंग चांगलंच हे ना मॅडम," कोंडाजी म्हणाला. "हृदय शांत हे जावईबापूंचं. आमच्याकडं आल्यावर सगळ्यांचंच शांत होतं."

डॉक्टर हसल्या नाहीत. वय फार तर पस्तीस, पायात खेळायचे बूट, आणि विनोद कळत नाही. कोंडाजीने मनातल्या मनात तिला एक गुण दिला, दहापैकी.

ललित त्याचा जावई. मूळचा देवळ्याकडचा, घरचा कांदा. शेतकीची पदविका घेतलेला, शब्द खाली पडू न देणारा मुलगा. कोंडाजीच्या मते हीच त्याची अडचण होती. असल्या मऊ माणसाला परदेशात पाठवायचं म्हणजे कोंडाजीसारख्याचा हात पाठीवर हवा. कोंडाजी स्वतः मखमलाबादचा, गुलाबाच्या पॉलीहाउसात उभा जन्म गेलेला. बारा वर्षं त्याने युगांडात, मोठ्या तळ्याकाठच्या गुलाबाच्या कंपनीत फवारणीवर देखरेख केली होती. दोन हजार दहाला गेला आणि बावीसला परत आला, येताना एक टोपी आणि प्रचंड मोठं तोंड घेऊन. गेल्या जानेवारीत त्याच कंपनीत त्याच्याच शब्दावर ललितला लावलं होतं. आता दसऱ्याच्या सुट्टीला ललित रविवारी मुंबईत उतरला, बायकोला भेटायला थेट सासरी आला, आणि मंगळवारी दुपारी थंडी वाजून खाटेवर पडला. डोकं फुटतंय, कंबर मोडून आल्यासारखी, डोळे लालभडक, जिभेच्या कडा लाल. बुधवारी शुभांगीने बापाचं न ऐकता नवऱ्याला रिक्षात घातलं आणि इथे आणलं.

"डेंगीची टेस्ट निगेटिव्ह आहे. मलेरियाही नाही," डॉक्टर म्हणाल्या. "ललित, युगांडात शेवटच्या आठवड्यात कुठे बाहेर गेला होतात?"

"सोबतच्या माणसाच्या भावाचं लग्न होतं, मॅडम. जंगलाला लागून गाव आहे. दोन दिवस होतो. गुरुवार, शुक्रवार."

"डास?"

"पुष्कळ."

"पिवळ्या तापाची लस घेतली होती ना जाताना?"

ललितने डोळे उघडले आणि सासऱ्याकडे पाहिलं. सासऱ्यासमोर पायावर पाय टाकून न बसणारा मुलगा तो. सासऱ्याच्या आधी उत्तर कसा देईल?

"घेतली की," कोंडाजी म्हणाला आणि शुभांगीच्या पर्समधून पिवळं कार्ड काढून डॉक्टरांच्या हातात दिलं. "शिक्का हे, सही हे. विमानतळावर बघूनच सोडलं त्यांना."

डॉक्टरांनी कार्ड वाचलं. मुदतीच्या जागी 'आजन्म' असं इंग्रजीत लिहिलेलं होतं. त्यांच्या कपाळावरची आठी जरा सैल झाली. "मग ते नसणार," असं म्हणत त्यांनी कागदावरची एक ओळ खोडली. "लेप्टोचं बघू. लिव्हरचे आकडे वाढलेत, लघवीत प्रथिनं जातायत. रोज रक्त बघावं लागेल."

शुभांगी खिडकीपाशी उभी होती. तिने बापाकडे एकदा पाहिलं आणि मान वळवली.

आता त्या कार्डाची गोष्ट. ती कोंडाजी एरवी चारचौघांत टाळी घेऊन सांगायचा. कंपनीला माणूस वीस जानेवारीच्या आत हवा होता, कारण फेब्रुवारीत गोऱ्या लोकांना प्रेम येतं आणि त्यांना गुलाब लागतात. ललितला मुंबईच्या सरकारी केंद्रात टोचून घ्यायची तारीख मिळाली ती चौदाची. कार्ड चालू होतं टोचल्यापासून दहा दिवसांनी. म्हणजे चोवीस तारीख. ललित म्हणाला, मामा, कंपनीला चार दिवस मागून घेऊ. कोंडाजी एवढा हसला की मालनबाई, त्याची बायको, स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"चार दिवस मागायचे? एका सुईपायी?" तो म्हणाला होता. "जावईबापू, मी बारा वर्षं तिथं काढली. तिथले डास मला ओळखायचे, रामराम करायचे. झालं काय? मला पण टोचलं होतं एकदा, दहा साली. कार्डावर मुदत होती दहा वर्षांची. वीस साली संपली. त्याच्यानंतर मी दोन वर्षं तसाच राह्यलो, बिगर मुदतीचा. एक डास कार्ड वाचायला आला नाय. अंग काटक पाह्यजे अंग! लसण-भाकरीवर वाढलेलं अंग हे आपलं. सुया नाजूक लोकांना."

मग शहरातल्या एका माणसाकडून शिक्का मारलेलं कार्ड आलं, तारीख मागची टाकलेली. ललितच्या दंडाला सुई लागलीच नाही. त्याचं मन खात होतं, पण सासऱ्यापुढे मन काढून दाखवायची त्याच्यात सोय नव्हती. आणि मुदत आजन्म असल्यामुळे त्या कार्डाकडे पुन्हा कोणी वाकून बघणार नव्हतं. खोटेपणा एकदाच करायचा आणि जन्मभर वापरायचा, याचं कोंडाजीला फार कौतुक वाटलं होतं.

शुक्रवारी सकाळी ताप उतरला.

उतरला म्हणजे असा, की जणू कोणी बटण दाबलं. ललित उठून उशीला टेकून बसला. तीन दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर माणसाचा रंग आला होता. त्याने चहा मागितला, मग पोहे मागितले, मग शुभांगीला हळूच काहीतरी म्हणाला आणि ती तीन दिवसांत पहिल्यांदा हसली. मालनबाईने लगेच नारळ कबूल केला. कोंडाजीने मात्र सगळं श्रेय स्टीलच्या एका तांब्याकडे वळवलं. त्या तांब्यात गुळवेलीचा काढा होता, आणि तो त्याने नर्सचा डोळा चुकवून दोन दिवस जावयाला पाजला होता.

"हजारो रुपयांच्या बाटल्या लटकावल्या यांनी," तो मोठ्याने म्हणाला, बाहेर ऐकू जाईल असं. "उतरवला कोणी? वेलीनं. चला, आवरा. दसऱ्याचं जेवण घरी."

तेवढ्यात डॉक्टर हर्षाली आल्या. कोंडाजीने त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं पैलवानाने आखाड्याबाहेरच्या पोराकडे पाहावं.

त्यांनी ललितला तपासलं, मग त्या त्याच्याशी दोन शब्द बोलल्या, आणि कोंडाजी-शुभांगीला बाहेरच्या व्हरांड्यात घेऊन आल्या. "आज सोडता येणार नाही. ताप उतरलाय, पण लिव्हरचे आकडे कालच्यापेक्षा वाईट आहेत. ताप आणि रक्त एकमेकांशी जुळत नाहीत."

"माणूस पोहे खातोय मॅडम. पोहे! तुमचं रक्त खोटं बोलत असंल."

"काका, तिकडचा एक ताप असाच असतो. तीन-चार दिवस जाळतो, मग थांबतो. काही तास, कधी एक दिवस, कधी दोन. रोग्याला वाटतं, सुटलो. आणि सातांतले सहा खरंच सुटतात, घरी जातात. सातवा पुन्हा पडतो. तेव्हा ताप परत येतो, लिव्हर जातं, डोळे पिवळे होतात, काळी उलटी होते, किडनी बंद पडते. त्यात पडलेल्यांपैकी निम्मे हातातून जातात. तो सातवा कोण, हे या विश्रांतीच्या दिवशी चेहरा बघून कोणालाच सांगता येत नाही." त्यांनी हातातली फाईल मिटली. "ललितच्या बाबतीत मी एवढी घाबरलेली नाही, कारण त्याचं कार्ड आहे. ते कार्ड नसतं तर मी परवाच पुण्याच्या प्रयोगशाळेत नमुना धाडला असता. लस घेतलेल्याला तो ताप जवळजवळ होतच नाही."

इथे कोंडाजी गप्प बसला असता तर त्याची लबाडी झाकलेली राहिली असती. पण समोरचा मूर्ख आहे हे त्याच्या तोंडावर सिद्ध केल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे. ही बाई कागदाच्या एका चिठोऱ्यावर एवढा भरवसा ठेवते, हे बघून त्याला राहवेना.

"कार्ड!" तो म्हणाला आणि हसला. "अहो डॉक्टरीणबाई, ज्या दुकानात लग्नाच्या पत्रिका छापतात ना, तिथलं कार्ड ते. सुईच नाय लागली त्यांना. एकदा पण नाय! आणि बघा, बसलेत ना ठणठणीत? आता बोला तुमची सुई काय करते ती."

टाळीसाठी त्याने हात पुढे केला होता. तो तसाच राहिला.

डॉक्टर हर्षालींचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल झाला. त्यांनी शुभांगीकडे पाहिलं. शुभांगीने मान हलवली. "खरं आहे, मॅडम. मी त्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं."

"सिस्टर," डॉक्टर वळून म्हणाल्या, "चार नंबरला मच्छरदाणी लावा, आत्ता. खिडक्या बंद. पुण्याचा फोन लावा, आणि महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांचा." मग कोंडाजीकडे बघून, आवाज न चढवता, "तीन दिवस. तीन दिवस तुम्ही मला चुकीच्या वाटेवर फिरवलंत. हे खोटं कार्ड नसतं तर विमानतळावरच सहा दिवस त्याला वेगळं ठेवलं असतं. तिसऱ्या दिवशी तिथेच ताप आला असता, तिथेच ओळखला असता. आता तुमच्या घरात डासांनी त्याला किती चावे घेतलेत, देव जाणे. तुमच्याकडे पाण्याचे उघडे ड्रम आहेत?"

होते. पॉलीहाउसाच्या कडेला आठ, ओळीने. पण हार मानण्याची कोंडाजीला सवय नव्हती. "मला का झाला नाय मंग?" तो म्हणाला. "बारा वर्षं! ते सांगा."

"तुम्ही टोचून घेतलं होतं?"

"एकदा. दहा साली. मुदत कधीच संपली त्याची."

आता हसायची पाळी डॉक्टरांची होती, आणि त्या हसल्याही, पण त्या हसण्यात तिरस्काराशिवाय दुसरं काही नव्हतं. "मुदत कागदाची संपली, काका. लसीची नाही. त्या सुईत जिवंत विषाणू असतो, तोच, पण नखं काढलेला. तो अंगात जाऊन थोडा वाढतो. अंगाला वाटतं, खराच आलाय, आणि ते खरोखरीची लढाई लढतं. दहा दिवसांत हत्यारं तयार होतात. लढाई संपली तरी अंग ती विसरत नाही. पंधरा, वीस, चाळीस वर्षांनी तपासलं तरी त्या माणसांच्या रक्तात ती हत्यारं सापडतात. बहुतेकांना दुसरी सुई लागतच नाही. हे नीट कळल्यावर सोळा साली जगभर नियम बदलला, दहा वर्षांची मुदत काढून टाकली. जुनी कार्डंही आजन्म झाली. तुमचंही."

कोंडाजी ऐकत होता. म्हणजे कान ऐकत होते.

"तुमचं अंग काटक नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही टोचलेले आहात. बारा वर्षं त्या एका सुईने तुम्हाला सांभाळलं, आवाज न करता. तुम्हाला वाटलं, तुम्हीच."

"मंग आत्ता टोचा त्यांना!" कोंडाजी एकदम म्हणाला. "काय लागंल ते देतो. आत्ता टोचा."

"आता खरा आत आहे. लसीला शिकवायला दहा दिवस लागतात, आणि खऱ्याने आठवड्याची आघाडी आधीच घेतलीय. त्याच्यावर औषध नाही. सलाइन, रक्त, लिव्हर-किडनीवर लक्ष. एवढंच." त्या जायला वळल्या आणि थांबल्या. "जवळ बसायला एकच नातेवाईक चालेल. रक्त, उलटी, सगळ्याला हात लागणार. शुभांगी नाही, सासूबाई नाहीत, त्यांना कोणी टोचलेलं नाही. तुम्ही बसा. या घरात ज्याच्या अंगात लस आहे असे तुम्हीच आहात."

शुभांगी इतका वेळ भिंतीला टेकून होती. ती बापाच्या अगदी जवळ आली. रडली नाही, ओरडली नाही. "स्वतः घेतली होती," ती म्हणाली. "त्यांना नको म्हणालात. सुया नाजूक लोकांना." आणि आजवर कोंडाजी सगळ्या जगाकडे जसा बघत आला होता, तशीच ती त्याच्याकडे बघत राहिली.

तो दिवस कोंडाजीने मच्छरदाणीत काढला. ललित बरा होता. हीच तर गोम होती. तो हसत होता, मोबाइलवर कांद्याचे भाव बघत होता, मामा तुम्ही कशाला त्रास घेताय म्हणत होता. कोंडाजीची अर्धी छाती पुन्हा फुगली. सहातलाच आहे पोरगा, तो स्वतःशी म्हणाला. ही बाई उगाच. बाहेर पालिकेची माणसं मखमलाबादला जाऊन त्याचे ड्रम पालथे घालून, धूर करून आली होती, आणि मालनबाई फोनवर सांगत होती की सगळी आळी दारात येऊन बघत होती. त्या चोंबड्यांना उद्या दाखवतो, असं त्याने ठरवलं. उद्या जावयाला मोटारीतून, हार घालून न्यायचं.

शनिवारी दुपारी जेवणाचं ताट आलं. ललितने घास उचलला आणि परत ठेवला.

"नको वाटतंय मामा. पोटात, इथं वर, दुखतंय."

कोंडाजीने त्याच्या कपाळाला हात लावला. तापलं होतं. याचं अंगच गरम असतं, त्याने स्वतःला सांगितलं. मग खिडकीतून उजेड तिरपा आला, आणि मच्छरदाणीच्या आत, एक हाताच्या अंतरावरून, त्याला जावयाच्या डोळ्यांचा पांढरा भाग दिसला. आयुष्यभर पानांचा रंग बघून रोग ओळखणारा माणूस तो. हळदीची पहिली छटा त्याला लगेच कळली. इतरांना दिसायला अजून दोन तास होते.

त्याने बेल दाबली. दाबतच राहिला.

मग धावपळ झाली, नळ्या आल्या, रक्ताच्या बाटल्या मागवल्या गेल्या. ललितला उलटी झाली. कोंडाजीने पुढे धरलेल्या भांड्यात जे पडलं ते चहाच्या चोथ्यासारखं काळं होतं. हिरड्यांतून रक्त झिरपू लागलं. डॉक्टर हर्षाली आल्या, त्यांनी बघितलं, एकही टोमणा मारला नाही. मोठ्या दवाखान्यात खाट सांगितली आहे, ॲम्ब्युलन्स तासाभरात येईल, एवढंच म्हणाल्या. त्यांनी ऐकवलं असतं तर कोंडाजीला बरं वाटलं असतं. पुण्याचा निकालही तेवढ्यात फोनवर आला. तो आता कोणाला नको होता.

काचेपलीकडे शुभांगी उभी होती. ती आत येऊ शकत नव्हती. तिने हातानेच विचारलं, कसे आहेत? कोंडाजीने काळं भांडं तिला दिसू नये म्हणून खाटेखाली सरकवलं.

थोड्या वेळाने ललितने डोळे उघडले. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. मच्छरदाणीचा कोपरा गादीतून सुटलेला त्याला दिसला असावा.

"मामा, तुम्ही बाहेर जा. डास आत आले तर तुम्हाला बाधेल."

"मला नाय बाधत," कोंडाजी म्हणाला.

"हो." ललित कसनुसं हसला. त्या हसण्यात कुठे टोमणा नव्हता, त्याचा सासऱ्यावर अजून विश्वास होता. "तुमचं अंगच काटक. आम्हाला कुठलं तसं."

कोंडाजीने मच्छरदाणीचा कोपरा पुन्हा गादीखाली खोचला. बाहेर ॲम्ब्युलन्सची शिटी ऐकू आली.

"अंग काटक नाय, जावईबापू," तो म्हणाला. "मी सुई घेतली होती."